फोनचे दोन माइक केव्हा कामाला येतात

मोनो रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची एकच नोंद होते आणि ती दोन्ही कानांना सारखीच ऐकू येते. स्टिरिओमध्ये डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन वेगळ्या नोंदी असतात. त्यांच्यातल्या फरकावरून आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू ताडतो.

बहुतेक फोनमध्ये एक माइक खालच्या कडेला आणि दुसरा वरच्या टोकाला किंवा कॅमेऱ्याजवळ असतो. दोघांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर पडते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून अगदी एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या माइकपर्यंत सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोहोचतो. दिशा कळायला एवढा फरक पुरतो. मात्र त्यासाठी फोन आडवा धरावा लागतो. उभ्या फोनमध्ये हे माइक एकावर एक येतात आणि डावी-उजवी बाजू दोघांना जवळपास एकाच वेळी ऐकू येते.

भजनी मंडळाचे उदाहरण घेऊ. मधोमध गायक, त्याच्या डावी-उजवीकडे दीड-दीड मीटरवर पखवाज आणि पेटी. आडवा फोन गायकासमोर दोन मीटरवर ठेवला, तर हेडफोनवर पखवाज एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला आणि गायक मध्ये असा मेळ स्पष्ट ऐकू येतो. तोच फोन मागे दहा मीटरवर नेला की पखवाज आणि पेटी फोनला जवळपास एकाच दिशेला येतात. दोन माइकमधला वेळेचा फरक चौथ्या हिश्श्यावर येतो, वर सभागृहाचा घुमारा मिसळतो. अशा वेळी स्टिरिओचा उपयोग फारसा उरत नाही.

एकाच माणसाची मुलाखत, भाषण किंवा व्हॉइस नोट यांना मोनो पुरते. तिथे माइक तोंडाजवळ असणे जास्त मोलाचे. दोन मीटरवरचा फोन २० सेंटिमीटरवर आणला, तर थेट येणाऱ्या आवाजाचा दाब सुमारे दहापट होतो आणि खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. फोनवर बोलताना दुसरा माइक वेगळे काम करतो. तो मुख्यतः भोवतालचा गोंगाट टिपतो आणि फोन त्या आधारे बोलणाऱ्याच्या आवाजातला गोंगाट कमी करतो. माइक दोन असले, तरी पलीकडे जाणारा आवाज मोनोच असतो.

स्टिरिओला दोन जोखमी आहेत. एका माइकवर बोट आले की आवाज एका बाजूला कलतो. शिवाय दोन्ही नोंदी एकाच स्पीकरवर मिसळल्या की उशिरामुळे बाजूने आलेल्या आवाजाचे काही सूर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ वाटतो.

रेकॉर्डिंग खरोखर स्टिरिओ आहे का, हे तपासता येते. फोन आडवा ठेवून बोलत बोलत डावीकडून उजवीकडे जावे आणि नंतर ते हेडफोनवर ऐकावे. आवाज मध्येच राहिला, तर ॲप मोनोच नोंदवते आहे. फाइलवर दोन चॅनेल लिहिलेले असले तरीही.