अर्धा बँड म्हणजे किती?

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी यांपैकी कुठल्याही गावातून परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला निघालेल्या मुलामुलींना आधी नागपूर गाठावे लागते. पारपत्र आणि प्रवेशपत्राच्या धावपळीत तिथे एक इंग्रजीची परीक्षाही उरकायची असते. बहुतेकांसाठी ती आयईएलटीएस असते. १९८९ साली सुरू झालेली ही परीक्षा ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार विभागांत घेतली जाते. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. प्रत्येक विभागाला ० ते ९ या पट्टीवर बँड मिळतो, आणि ही पट्टी अर्ध्या-अर्ध्या बँडने पुढे सरकते. शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. धानाच्या चुकाऱ्यावर वर्षाचा हिशेब चालणाऱ्या घरात ही रक्कम दुसऱ्यांदा काढणे सोपे नसते. म्हणून ६.५ हवे असताना ६ आले, की घरात एकच प्रश्न घुमतो: पुन्हा बसवायचे का?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, कारण अर्धा बँड ही एकच एक वस्तू नाही. कधी तो एका बरोबर उत्तराइतका लहान असतो, तर कधी लिहिण्याच्या जुन्या सवयीइतका मोठा. आपला कोणता, हे गुणपत्रिकेवरून बरेचसे ओळखता येते.

आधी बेरीज पाहू. चारही विभागांच्या बँडची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर आणली जाते आणि तोच एकूण बँड होतो. सरासरीत .२५ आले तर ते वर जाऊन अर्धा होते, .७५ आले तर पुढचा पूर्ण बँड मिळतो. त्यापेक्षा किंचित जरी कमी भरले तरी आकडा खाली येतो.

समजा, लाखनीच्या एका विज्ञान पदवीधर मुलीला ब्रिटनमधील एका विद्यापीठाने अट घातली आहे: एकूण ६.५, आणि कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी नको. तिला ऐकण्यात ६.५ आणि वाचणे, लिहिणे, बोलणे या तिन्हींत ६ मिळाले. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, म्हणून एकूण बँड ६. आता तिच्या वाचनाची ४० पैकी २६ उत्तरे बरोबर होती असे धरू. वाचनाचा ६.५ साधारण २७व्या बरोबर उत्तरापाशी सुरू होतो. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार ही रेघ एखाद्या गुणाने इकडेतिकडे होते. म्हणजे आणखी एक उत्तर बरोबर आले असते तर वाचनात ६.५, बेरीज २५, सरासरी ६.२५ आणि एकूण ६.५. गुणपत्रिकेवर दिसणारा अर्ध्या बँडचा फरक तिच्या बाबतीत एका प्रश्नाचा आहे.

तिची मैत्रीण त्याच दिवशी परीक्षेला बसली. तिला ऐकण्यात ८, वाचण्यात ७.५, बोलण्यात ६.५ आणि लिहिण्यात ५.५ मिळाले. बेरीज २७.५, सरासरी ६.८७५, एकूण बँड ७. मागितल्यापेक्षा अर्धा बँड जास्तच. तरीही तिचा अर्ज अडला, कारण लेखन ६ च्या खाली गेले. दोघीही अर्ध्या बँडने राहिल्या, पण पहिलीला तो चारांपैकी कुठल्याही विभागातून भरून काढता येईल, दुसरीला फक्त लेखनातून. म्हणून गुणपत्रिका हातात आली की एकूण आकड्याकडे नंतर पाहावे. अट एकूण बँडवर अडली की विभागावर, हे आधी पाहावे.

आता पट्टीच्या अचूकतेविषयी. ऐकणे आणि वाचणे या विभागांत ४०-४० प्रश्न असतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी जाहीर केलेल्या सरासरी कोष्टकानुसार ऐकण्यात २३ बरोबर उत्तरांना ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८ मिळतात. म्हणजे ६ ते ७ या टप्प्यात अर्धा बँड तीन-चार उत्तरांचा आणि ७ ते ८ या टप्प्यात दोन-तीन उत्तरांचा. कोणती ध्वनिफीत वाट्याला आली, रात्रीची झोप कशी झाली, एका शब्दाचे स्पेलिंग चुकले का, एवढ्यानेही दोन-तीन उत्तरे बदलतात. संख्याशास्त्रात याला मोजमापाची प्रमाण त्रुटी म्हणतात. या दोन विभागांसाठी ती साधारण ०.४ बँडच्या आसपास असते. सोप्या भाषेत, तेच इंग्रजी घेऊन तीच व्यक्ती पुढच्या आठवड्यात बसली तर अर्धा बँड वर किंवा खाली येणे ही नवलाची गोष्ट नाही. चारही विभागांच्या सरासरीत चुका काही अंशी एकमेकींना खातात, म्हणून एकूण बँड जास्त स्थिर असतो. मात्र वर पाहिलेल्या मुलीसारखा कोणी .२५ च्या उंबरठ्याशी उभा असेल, तर तिथे योगायोगाचा हात मोठा ठरतो.

हे दोन्ही बाजूंनी खरे आहे. सहज म्हणून पुन्हा बसलेल्याचा एक विभाग वर जातो, तसा दुसरा खालीही येतो. पहिलीने नुसते नशिबावर सोडले तर वाचनात ६.५ आणि ऐकण्यात ६ असे होऊन बेरीज पुन्हा २४.५ वरच थांबू शकते. तिने घरी वेळ लावून पाच-सहा पूर्ण सराव प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. वाचनात सातत्याने २९-३० आणि ऐकण्यात २८-२९ उत्तरे बरोबर येत असतील, तर तीन आठवड्यांनी बसायला हरकत नाही. आकडे २४ ते २८ असे डोलत असतील तर २६ हीच तिची आजची जागा आहे आणि घाईने शुल्क भरून ती बदलणार नाही.

लेखनाचा अर्धा बँड वेगळ्या मातीचा असतो. तिथे प्रश्नांची मोजणी नाही. परीक्षक चार निकषांवर बँड देतात: विचारलेल्याला उत्तर दिले का, मांडणीत सलगता आहे का, शब्दसंपदा किती आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता किती. दोन लेखनांपैकी दुसऱ्या निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असते. इथे मराठी माध्यमातून आलेल्यांचे नुकसान बहुधा दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण व्याकरणाचे. ‘शेतकऱ्याने धान विकले’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणी एक शेतकरी की आधी उल्लेखलेला तोच, हे संदर्भावर सोडतो. इंग्रजीत तिथे ‘अ’ किंवा ‘द’ घालावेच लागते. हे उपपद एकदा सुटले तर वाचणारा समजून घेतो, पण प्रत्येक ओळीत सुटू लागले की अचूकतेचा बँड अडतो. दुसरे ठिकाण मांडणीचे. शाळेत शिकवलेला निबंध विषयाची थोरवी सांगत हळूहळू मुद्द्याकडे जातो आणि शेवटी दोन्ही बाजूंना मान देतो. या परीक्षेत प्रश्न ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ असा असेल तर आपली भूमिका स्पष्ट हवी आणि ती शेवटपर्यंत टिकायला हवी. क्लासमध्ये पाठ केलेली भारदस्त वाक्येही इथे उपयोगी पडत नाहीत. परीक्षक ती ओळखतात.

बोलण्यात मात्र अनेकांना नको तिथे धास्ती असते. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ म्हणणाऱ्या झाडीबोलीच्या मुलखातून आल्यामुळे गुण जातील, असे मुलांना वाटते. उच्चार हा निकष आहे, पण त्यात पाहिले जाते ते ऐकणाऱ्याला समजायला त्रास होतो का एवढेच. मूळ बोलीचा हेल असणे हा दोष धरला जात नाही.

लेखनाच्या सवयी तीन आठवड्यांत बदलत नाहीत. पूर्वी दोन परीक्षांमध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवण्याची सक्ती होती. २००६ मध्ये ती उठली आणि आता वाटेल तेव्हा बसता येते. सक्ती गेली तरी तिच्यामागचे कारण गेलेले नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दहा ते बारा आठवडे सलग इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांचा कॅथरीन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्याने अभ्यास केला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वाढ अर्ध्या बँडच्या आसपास भरली, आणि व्यक्तीव्यक्तीत मोठा फरक दिसला. तीही इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहून. म्हणून दुसऱ्या मैत्रिणीने आठवड्याला दोन निबंध लिहून ते जाणकाराकडून निकषवार तपासून घ्यावेत आणि किमान दहा-बारा आठवडे द्यावेत.

तिच्यापुढे आणखी दोन वाटा आहेत. एक फेरतपासणीची. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो, आणि बँड वाढला तर त्याचे शुल्क परत मिळते. ऐकणे-वाचण्यात उत्तरे ठरलेली असल्याने तिथे बदलाची आशा थोडी. लेखन किंवा बोलणे इतर विभागांपेक्षा फारच मागे पडले असेल तरच ही वाट विचारात घ्यावी. दुसरी वाट एकाच विभागाच्या फेरपरीक्षेची. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली असेल तर ६० दिवसांच्या आत, एकदाच, चारांपैकी एक विभाग पुन्हा देता येतो. बाकीचे तीन बँड जसेच्या तसे राहतात, त्यामुळे ऐकण्यातला ८ गमावण्याची भीती नाही. मात्र अशी गुणपत्रिका सगळीकडे चालत नाही. शुल्क भरण्याआधी विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी होकार घ्यावा.

काही ठिकाणी अटच लवचीक असते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने परदेशी परिचारिकांसाठी लेखनाची अट डिसेंबर २०१८ मध्ये ७ वरून ६.५ वर आणली. वाचणे, ऐकणे, बोलणे यांत ७ कायम राहिले. शिवाय दोन परीक्षांतले चांगले बँड एकत्र जोडता येतात. २०२३ पासून त्या दोन परीक्षा बारा महिन्यांच्या आत झालेल्या चालतात, फक्त दोन्हींत लेखन ६ च्या आणि बाकी विभाग ६.५ च्या खाली जायला नकोत. एखाद्या परिचारिकेला पहिल्या वेळी ऐकणे ७.५, वाचणे ६.५, लेखन ६.५, बोलणे ७ मिळाले, तर तिला दुसऱ्यांदा फक्त वाचनात ७ आणायचे आहेत. बाकीचे खालच्या मर्यादेत राहिले तरी पुरे. हा नियम माहीत नसेल तर तीच परिचारिका चारही विभागांची एकदम चिंता करत बसते.

शेवटी दिनदर्शिका. निकाल परीक्षेपासून दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, पण विद्यापीठाची अंतिम तारीख त्याच्या कितीतरी आधी येते. त्या तारखेपासून मागे मोजत यावे: निकालासाठी काही दिवस, त्याआधी सरावाचे तीन किंवा बारा आठवडे, आणि त्याच्याही आधी विद्यापीठाला एक पत्र. लाखनीची मुलगी सप्टेंबरच्या प्रवेशासाठी मे महिन्यात पुन्हा बसू शकते. तिच्या मैत्रिणीने मेमध्ये एका विभागाची फेरपरीक्षा चालेल का हे विचारावे. उत्तर नाही असे आले आणि बारा आठवडे हाती उरत नसतील, तर जानेवारीचा प्रवेश मागून घेणे हे घाईघाईने दुसऱ्यांदा शुल्क भरण्यापेक्षा स्वस्त पडते.