मास्कखालचा चेहरा येतो कुठून?

कोरोनाच्या काळातल्या लग्नांच्या आणि बारशांच्या फोटोंत अर्धा चेहरा मास्कखाली गेलेला असतो. त्यातली काही माणसे आज हयात नाहीत आणि त्यांचा शेवटचा फोटो मास्कमधलाच आहे. असा मास्क पुसून त्याखाली नाक, ओठ आणि हनुवटी उमटवणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. त्यांनी दाखवलेला चेहरा इतका खरा भासतो की तो मास्कखाली होताच आणि आता फक्त उघडा पडला, असे वाटते. प्रत्यक्षात मास्कखालचा एकही पिक्सेल फोटोत नसतो. मग हा चेहरा येतो कुठून?

समजा, २०२१ मधल्या लग्नातला एका मावशींचा फोटो आहे. निळा सर्जिकल मास्क, वर डोळे, भुवया आणि कपाळ. मास्कखाली नाकात चमकी आहे, वरच्या ओठाजवळ तीळ आहे आणि हसताना डाव्या गालावर खळी पडते. हे घरच्यांना ठाऊक आहे, फोटोला नाही.

काम दोन टप्प्यांत होते. दक्षिण कोरियातल्या संग्युंगक्वान विद्यापीठात निझाम उद दीन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेली पद्धत याच वाटेने जाते. पहिला टप्पा मास्क नेमका कुठे आहे ते शोधण्याचा. संगणक फोटोचा एक काळा-पांढरा नकाशा बनवतो: मास्कची जागा पांढरी, बाकी सगळे काळे. दुसऱ्या टप्प्यात हा नकाशा आणि मूळ फोटो एकत्र घेऊन पांढऱ्या जागेत नवा चेहरा भरला जातो. डोळे आणि कपाळ मूळचेच राहावेत, अशी अपेक्षा असते.

नकाशा वाटतो तितका किरकोळ नाही. कडेला दोन-तीन पिक्सेल सुटले तर मास्कचा निळा रंग गालावर रेघेसारखा उरतो आणि पुढचा टप्पा त्यालाच त्वचेची छटा समजू शकतो. म्हणून अनेकदा नकाशा मुद्दाम थोडा फुगवतात. कानामागे जाणारी दोरी आणि मास्कची गालावर पडलेली सावली मात्र तरीही निसटते. तोंड मोकळे झालेल्या चेहऱ्यावर गालाच्या वरच्या भागात विनाकारण काळसर पट्टा दिसला, तर ती बहुधा ही राहून गेलेली सावली असते.

भरण्याचे काम न्यूरल नेटवर्क करते, आणि त्याला ते शिकवावे लागते. त्यासाठी त्याच माणसाचा, त्याच क्षणाचा, मास्कसह आणि मास्कविना असा जोडफोटो हवा. तसा तर कुणाकडेच नसतो. म्हणून उलट्या बाजूने जातात. उघड्या चेहऱ्यांच्या फोटोंवर संगणकानेच मास्क चढवतात. नाकाचा दांडा, जबड्याची रेघ असे ठरावीक बिंदू शोधून मास्कचे चित्र त्यांवर ताणून बसवायचे. अकील अन्वर आणि अरिजित रायचौधुरी यांनी २०२० मध्ये याच कामासाठी ‘मास्क द फेस’ हे साधन बनवले. आता मास्कचा फोटो म्हणजे प्रश्न आणि मूळ फोटो म्हणजे उत्तर. असे हजारो प्रश्न सोडवत नेटवर्क शिकते.

शिकवताना एक अडचण येते आणि सगळ्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. उत्तर मूळ फोटोपासून जितके दूर तितकी शिक्षा, एवढाच नियम ठेवला तर नेटवर्क धूसर तोंड काढते. कारण साधे आहे: त्याच डोळ्यांखाली मिटलेले ओठही असू शकतात आणि दात दिसणारे हसूही. कोणते, हे कळत नसेल तर दोन्हींच्या सरासरीत शिक्षा सर्वात कमी बसते, आणि सरासरी म्हणजे धूसरपणा. त्यावर उपाय म्हणून दुसरे, पारखणारे नेटवर्क जोडतात. समोरचा चेहरा खऱ्या फोटोतला की बनवलेला, एवढेच ते ओळखते. कोरियातल्या पद्धतीत असे दोन पारखी होते. त्यांतल्या एकाचे काम मास्कखालचा भाग नीट बघायला लावण्याचे होते. त्यांना फसवायचे तर भरणाऱ्या नेटवर्कला सरासरी सोडून एकच बाजू निवडावी लागते. ओठ रेखीव होतात, दात चमकतात. पण हा रेखीवपणा पटण्याजोगा असण्याबद्दल मिळालेले बक्षीस आहे. खरे असण्याची ती खूण नव्हे.

तरीही सगळेच हवेतले नसते. कपाळावरून त्वचेचा रंग आणि उजेडाची दिशा कळते. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवरून वयाचा अंदाज येतो. मनापासून हसताना डोळ्यांखालचा स्नायू आवळतो, त्यामुळे हसू आहे की नाही हेही बरेचदा सांगता येते. डोळ्यांमधल्या अंतरावरून चेहऱ्याची रुंदी आणि नाकाची जागा ठरते. पण चमकी, तीळ, खळी, मिशी, पडलेला दात किंवा ओठावरचा जुना व्रण यांची वार्ता डोळ्यांत नसते. तिथे शिकवणीतल्या चेहऱ्यांची सवय उतरते. या कामात बरेचदा वापरला जाणारा ‘सेलेबए’ हा संग्रह २ लाखांहून अधिक फोटोंचा आहे, पण ते प्रसिद्ध व्यक्तींचे आहेत, बरेचसे हसरे आणि नटवलेले. त्यावर शिकलेल्या नेटवर्ककडून मावशींना चमकीविना गुळगुळीत नाक आणि एकसारख्या दातांचे हसू मिळण्याचीच शक्यता जास्त.

कोणता भाग आधाराचा आणि कोणता कल्पनेचा, हे तपासण्याचा एक मार्ग आहे. अलीकडची डिफ्यूजन पद्धतीची साधने त्याच फोटोची दर वेळी वेगळी उत्तरे देऊ शकतात. अशी आठ-दहा उत्तरे काढून शेजारी ठेवावीत. गालाचा रंग, चेहऱ्याचा कल, हनुवटीची साधारण जागा सगळीकडे सारखी येईल. ओठांची जाडी, नाकाचे टोक, दात मात्र बदलत राहतील. जे बदलते त्याला फोटोत आधार नाही. सारखे आले म्हणजे खरेच, असेही नाही; सगळी उत्तरे एकाच सवयीतून आलेली असू शकतात. पण बदलणारा भाग रचलेला, हे पक्के.

म्हणूनच ओळख पटवण्यासाठी असा चेहरा वापरणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने जुलै २०२० मध्ये, मास्क नसलेल्या चेहऱ्यांसाठी बनवलेल्या ओळख-प्रणाली डिजिटल मास्क चढवून तपासल्या. उत्तम प्रणालींची चूक सुमारे ०.३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास गेली आणि एरवी चांगल्या असलेल्या काहींची २० ते ५० टक्क्यांपर्यंत. मग आधी चेहरा भरून घ्यावा, असे वाटेल. पण भरलेले नाक हे डोळे-कपाळावरूनच काढलेले असते, त्या माणसाबद्दल नवी माहिती त्यात काहीच नाही. उलट सीसीटीव्हीतल्या संशयिताला असे तोंड बसवून तो फोटो वाटला, तर पाहणारा डोळ्यांपेक्षा त्या रेखीव ओठांवरच विश्वास ठेवील. आणि ते ओठ एखाद्या निरपराध माणसाचे निघू शकतात. तपासात मूळ, मास्कसहितचाच फोटो वापरला गेला पाहिजे.

घरच्या फोटोला मात्र याहून चांगली वाट आहे. मावशींचा साधारण त्याच वयातला, त्याच कोनातून काढलेला उघड्या चेहऱ्याचा फोटो शोधावा आणि संदर्भ-फोटो स्वीकारणारे साधन वापरावे, किंवा फोटोशॉप जाणणाऱ्याकडून तोच भाग बसवून घ्यावा. मग चमकी आणि तीळ मावशींचेच येतील. काम झाल्यावर मूळ फोटो पुसू नये आणि नव्याच्या मागे, किंवा फाइलच्या नावात, नाकाखालचा भाग नंतर भरला असे लिहून ठेवावे. नाहीतर मावशींना कधीच न पाहिलेली नातवंडे तोच चेहरा खरा धरून चालतील.