घशाची झटपट तपासणी : रेघ काय सांगते?

मुलाचा घसा सुजून ताप आला, की डॉक्टर कधी कधी घशातील स्राव कापसाच्या काडीवर घेऊन पट्टीवर तपासतात. शोध असतो 'स्ट्रेप्टोकॉकस' जंतूचा. त्यावर उपचार न झाल्यास काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडतात.

काडी रसायनात बुडवली की जंतूच्या आवरणातील प्रतिजन सुटा होतो. पट्टीवर सरकताना रंगीत कण जोडलेली प्रतिपिंडे त्याला चिकटतात. पुढे रेघेवर बसवलेल्या प्रतिपिंडांत ही जोडी अडकते आणि रेघ दिसू लागते. 'एलायझा'चे तत्त्वही असेच, मात्र तेथे रंग विकरामुळे येतो. नियंत्रणाची दुसरी रेघ उमटलीच नाही, तर चाचणी बाद समजावी.

समजा, घसा दुखणाऱ्या 100 मुलांपैकी 30 जणांना हा संसर्ग आहे. चाचणी बाधितांपैकी सुमारे 85 टक्के पकडते; म्हणजे चार-पाच मुले निसटतात. काडी टॉन्सिलऐवजी जिभेलाच लागली, तर आणखी निसटतात. उरलेल्या 70 पैकी तीन-चार जणांत रेघ उगाच उमटते. शिवाय काहींच्या घशात हे जंतू त्रास न देता राहतात. दुखणे विषाणूचे असले तरी रेघ दिसते. म्हणून सर्दी-खोकला असल्यास ही चाचणी सहसा करत नाहीत.

मुलाची चाचणी नकारार्थी आली तर स्रावाचे कल्चर करून घ्यावे. त्याला एक-दोन दिवस लागतात. पण आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झाले, तरी संधिवाताचा ताप टाळता येतो.