घरातली वीज – लेखांक ९ : बंद घराचा मेन स्विच

घर तीन-चार आठवडे बंद राहणार असेल, तर मेन स्विच बंद करायचा की नाही, हे बहुतेक ठिकाणी फ्रिजवर ठरते. फ्रिज रिकामा करता येत असेल तर मेन बंद करणे केव्हाही बरे. त्यासाठी आदल्या दिवशी बर्फ वितळू द्यावा, फ्रिज आतून कोरडा पुसावा आणि फटीत नॅपकिनची घडी अडकवून दार किंचित उघडे ठेवावे. बंद फ्रिजचे दार घट्ट लावून ठेवले तर पावसाळ्यात आत हमखास बुरशी धरते.

फ्रिज चालू ठेवायचा असेल तेव्हा बाकीचे एमसीबी पाडून फक्त त्याचा तेवढा चालू ठेवतात. एवढ्याने भागतेच असे नाही. अनेक घरांत सगळ्या एमसीबींच्या आधी ३० मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी असतो. तो पडला की अख्खे घर अंधारात जाते आणि कोणी हाताने उचलेपर्यंत तसेच राहते. त्यात साधा एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. समजा, ओल लागून गिझरचा न्यूट्रल अर्थिंगला टेकला आहे. मग गिझरचा एमसीबी बंद असला, तरी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताच आरसीसीबी पडू शकतो. म्हणून गिझर, वॉशिंग मशीन आणि टीव्ही यांचे प्लगच सॉकेटमधून काढून ठेवावेत.

वीज मध्ये गेली होती का, हे कळण्याची जुनी युक्ती अजून उपयोगी आहे. फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून वर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे बर्फात खाली रुतलेले दिसले, तर सगळे एकदा वितळून पुन्हा गोठले आहे. असे अन्न कितीही टणक दिसले तरी टाकून द्यावे.

मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या घरात वीज उरते. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटते लाइट गेली, आणि तो दिवे-पंख्यांची लाइन बॅटरीवर घेतो. त्या बोर्डांत वीज खेळतच राहते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी उतरून आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते आणि ती पूर्वीइतकी टिकत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी आणि मेनपाठोपाठ इन्व्हर्टरही त्याच्या बटणाने बंद करावा. मुक्काम लांबणार असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीची वायर सोडवून घ्यावी.

शेवटी खाली मीटरपाशी जावे. घराच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा वापराबरोबर लुकलुकतो. मेन बंद करूनही पाच-दहा मिनिटांत त्याची उघडझाप होत राहिली, तर एखादी लाइन मेनच्या आधीच जोडलेली आहे किंवा वायरमध्ये गळती आहे. अशा घराला कुलूप लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.