सागवानी पलंग गुगलवर का सापडत नाही?

आपल्या वर्गातल्या एका फर्निचरवाल्या दादांनी पैसे देऊन वेबसाइट केली. सहा महिने झाले, एक फोन नाही. "सगळं मराठीत लिहिलंय, तरी गुगलला दिसत नाही," म्हणाले. व्हिडिओत आपण त्यांचं पान उघडून पाहिलं. तेच इथे नीट लिहून देतो.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. तुमच्या पानावरचं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. मराठीच दिसलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे. आपल्या डोळ्यांना तो मराठी दिसतो, गुगलला मात्र तो कालाच वाचायला मिळतो. दादांचं नेमकं हेच झालं होतं. पत्रकवाल्याकडची फाइल जशीच्या तशी चढवली होती. दरपत्रक तर नुसता फोटो होता. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचा, भाव आणि मापंसुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे पानाचं शीर्षक. सर्चमध्ये निळ्या अक्षरात बहुतेक वेळा तेच दिसतं. दादांच्या पानाला `Home` एवढंच होतं. आपण असं केलं:

```
<title>सागवानी पलंग: मापे आणि किंमत | अहिल्यानगर (अहमदनगर)</title>
```

दोन्ही नावं कशाला? जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, पण गिऱ्हाईक अजून "अहमदनगर" टाकतं, नुसतं "नगर"ही टाकतं. शीर्षकात दोन नावं पुरे. "नगरमध्ये घरपोच" हे खाली मजकुरात सहज बसतं. तोच शब्द वीस वेळा कोंबू नका, गुगल ते फसवणूक धरतं.

एका पानावर एकच वस्तू ठेवा. पलंगाच्या पानावर गिऱ्हाईक दुकानात जे विचारतं तेच लिहा: लाकूड कोणतं, गादी कुठल्या मापाची बसेल, बॉक्स आहे का, पॉलिश कोणतं, किती दिवसांत मिळेल.

आता लोक काय टाइप करतात हे अंदाजाने ठरवू नका. गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. साइट जोडा, दोन-तीन आठवडे थांबा आणि `Performance` मध्ये `Queries` बघा. `Impressions` म्हणजे तुमचं पान किती वेळा दिसलं, `Clicks` म्हणजे तिथून किती वेळा उघडलं. समजा "sagwan palang price" ला पान २०० वेळा दिसलं आणि उघडलं दोनदाच. पान फार खाली असेल तर आधी मजकूर भरा. वर असूनही कोणी उघडत नसेल तर शीर्षक बदला. तिथे इंग्रजी अक्षरातली मराठी बरीच दिसली, तर तो शब्द मजकुरात एकदा तसाच घाला.

एक लक्षात घ्या. "जवळचं फर्निचर दुकान" असं शोधणाऱ्याला गुगल आधी नकाशा दाखवतं. तिथे दिसायला बिझनेस प्रोफाइल लागतं, ते वेगळं काम आहे.

आज एवढंच करा: ती व्हॉट्सअ‍ॅपची तपासणी. काय दिसलं ते व्हिडिओखाली लिहा.