स्टीम ट्रॅप आणि परतीच्या नळीचे माप

मोठ्या रुग्णालयाच्या आवारात बहुधा एकच बॉयलर हाउस असते. तिथून साधारण ७ बार दाबाची वाफ नळ्यांमधून लाँड्री, स्वयंपाकघर, शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारा विभाग आणि वसतिगृहाच्या गरम पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोहोचते. या दाबाच्या एक किलो वाफेत सुमारे २७७० किलोज्यूल उष्णता असते. त्यातली २०५० च्या आसपास उष्णता वाफेचे पाणी होताना उपकरणाला मिळते. उरलेली ७२० किलोज्यूल, म्हणजे एक चतुर्थांशाहून थोडी अधिक, त्या पाण्यातच राहते आणि पाण्याचे तापमान १७० अंश असते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते आधीच मृदू केलेले आणि तापवलेले असते, त्यामुळे बॉयलरला त्याहून चांगले पाणी मिळणार नाही.

हे पाणी तयार होताच उपकरणातून बाहेर पडले पाहिजे, पण त्याच्यामागून वाफ निसटता कामा नये. हे काम स्टीम ट्रॅप नावाचा स्वयंचलित व्हॉल्व्ह करतो. ट्रॅपनंतरचा प्रवास परतीच्या नळीचा असतो. आवाराच्या आराखड्यात या दोन गोष्टी अनेकदा वेगवेगळ्या माणसांच्या हाती असतात. ट्रॅप कॅटलॉग पाहून निवडला जातो, तर नळी ‘पाणीच तर जायचे आहे’ असे धरून टाकली जाते. बहुतेक बिघाडांचे मूळ या फारकतीत सापडते, कारण ट्रॅप किती पाणी सोडेल हे त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर ठरते आणि मागचा दाब ठरवते ती परतीची नळी.

ट्रॅप निवडताना नळीचा आकार आधी पाहू नये. बसवण्याच्या जागी पाण्याचा भार कसा बदलतो, हे आधी पाहावे. १०० मिलीमीटरच्या मुख्य वाफनळीचा ५० मीटरचा एक टप्पा घेऊ. नळीवर ५० मिलीमीटर जाडीचे चांगले लॅगिंग असेल, तर चालू स्थितीत त्या टप्प्यात तासाला जेमतेम ६ ते ७ किलो पाणी जमते. पण सकाळी थंड नळीत वाफ सोडली की ८०० किलो लोखंड ३० अंशांवरून १७० अंशांवर न्यावे लागते आणि त्यात सुमारे २५ किलो वाफेचे पाणी होते. नळी अर्ध्या तासात तापवायची असेल, तर ताशी भार ५० किलोंचा होतो, म्हणजे नेहमीच्या सात-आठ पट. शिवाय त्या वेळी नळीत दाबही पुरता चढलेला नसतो. म्हणून मुख्य नळीवरचा ट्रॅप या सुरुवातीच्या भारावर तपासावा, किंवा नळी तापेपर्यंत ड्रेन व्हॉल्व्ह हाताने उघडा ठेवण्याची शिस्त पाळावी.

अशा जागी थर्मोडायनॅमिक ट्रॅप चांगला चालतो. त्यात हलणारा भाग एकच, एक पोलादी चकती. पाणी आले की ती उचलली जाते आणि वाफ वेगाने तिच्याखालून जाऊ लागली की बसते. वाफेचे धक्के, उघड्यावरचे हवामान, उंचावरची अडचणीची जागा हे सगळे तो सोसतो. त्याची मर्यादा मागच्या दाबाची आहे. हा दाब पुढच्या दाबाच्या ८० टक्क्यांवर गेला, तर चकती नीट बसत नाही आणि वाफ वाहत राहते. ट्रॅप मात्र नळीच्या तळाला लावलेल्या बारीक फाट्यावर नसावा. मुख्य नळीच्याच व्यासाचा खोल ड्रेन पॉकेट काढून त्यावर तो बसवावा, नाहीतर वाफेसोबत धावणारे पाणी बारीक भोकावरून तसेच पुढे निघून जाते आणि पुढच्या वळणावर आदळते.

वसतिगृहाचे पाणी तापवणाऱ्या कॅलोरीफायरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पाणी सतत तयार होते आणि त्याचे प्रमाण दर मिनिटाला बदलते, म्हणून बॉल फ्लोट ट्रॅप लागतो. त्यातला पोकळ गोळा पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होतो आणि जितके पाणी येते तितकेच सोडतो. आतला छोटा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हवा बाहेर काढतो. पाण्याच्या हातोड्याने मात्र हा गोळा चेपतो.

ट्रॅप बरोबर निवडला तरी कॅलोरीफायर तुंबू शकतो. समजा, पूर्ण भारावर त्याला ३ बार दाबाची, १४४ अंशांची वाफ लागते आणि पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर जाते. पाण्याचे सरासरी तापमान ४२.५ अंश, म्हणजे वाफ आणि पाणी यांच्यात सुमारे १०१ अंशांचा फरक. दुपारी अंघोळी संपल्या आणि भार निम्मा झाला, की तापमान नियंत्रक वाफेचा व्हॉल्व्ह आवळतो. निम्म्या उष्णतेला फरकही निम्मा पुरतो, म्हणून आतली वाफ ९३ अंशांवर येते. ९३ अंशांची वाफ म्हणजे वातावरणापेक्षाही कमी दाब. ट्रॅपमधून पाणी ढकलायला काहीच उरत नाही आणि पाणी नळ्यांच्या जुडग्यात साचते. या उदाहरणात ट्रॅपची मागची बाजू अगदी मोकळी असली, तरी भार ५७ टक्क्यांखाली गेला की ही अवस्था येते. त्यात कंडेन्सेट ५ मीटर वरच्या नळीत चढवायचे असेल, तर दर मीटरला ०.१ बार या हिशेबाने अर्धा बार आणखी अडतो आणि भार ६८ टक्क्यांवर असतानाच पाणी तुंबते. मोठा ट्रॅप घालून हे सुटत नाही. कॅलोरीफायरला व्हॅक्यूम ब्रेकर लावावा, ट्रॅपमधून पाणी उताराने खालच्या, वातावरणाला उघड्या टाकीत पडू द्यावे आणि वर चढवण्याचे काम पंपावर सोपवावे.

आता परतीची नळी. लाँड्रीतली यंत्रे ७ बारवर तासाला ५०० किलो कंडेन्सेट देतात असे धरू. केवळ पाणी म्हणून पाहिले, तर सेकंदाला एक मीटर वेगाने ते १५ मिलीमीटरच्या नळीतून आरामात जाईल. पण ट्रॅपच्या पलीकडे दाब जवळजवळ शून्य असतो आणि तिथे पाणी १०० अंशांपेक्षा गरम राहूच शकत नाही. किलोमागे ३०० किलोज्यूल उष्णता जास्तीची ठरते आणि ती काही पाण्याची पुन्हा वाफ करते. हीच फ्लॅश स्टीम. दाब असतानाच कुकर उघडला तर आतले पाणी उसळून येते, तोच प्रकार. वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणून वजनाने १३.४ टक्के पाणी वाफ होते. ५०० किलोंत ही वाफ ६७ किलो भरते.

वजनाने हे थोडे वाटते, आकारमानाने नाही. या दाबाला एक किलो वाफ १.६७ घनमीटर जागा घेते. म्हणजे नळीतून तासाला ११२ घनमीटर वाफ जाते आणि पाणी अर्ध्या घनमीटरहूनही कमी. परतीची नळी खरे तर वाफेचीच नळी आहे, तळाशी थोडे पाणी वाहणारी. म्हणून तिचे माप फ्लॅश स्टीमच्या वेगावर ठरवतात आणि हा वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास ठेवतात. ५० मिलीमीटरच्या नळीत तो १४ मीटर येतो, म्हणजे तेच माप योग्य. १५ मिलीमीटरच्या नळीत हिशेब १५५ मीटरवर जातो. प्रत्यक्षात तितका वेग होत नाही. त्याऐवजी नळीतला दाब चढतो, वाफ दबते आणि सगळ्या ट्रॅपच्या मागे तो दाब उभा राहतो. लाँड्रीच्या ट्रॅपचा दाबफरक निम्मा झाला, तर त्याची क्षमता साधारण तीस टक्क्यांनी घटते. तेवढे तो कदाचित निभावेल. पण त्याच नळीला जोडलेला, एक-दीड बारवर चालणारा कॅलोरीफायर पार थांबतो. वसतिगृहातून गार पाण्याची तक्रार येते, तेव्हा तिथला ट्रॅप बदलला जातो आणि दोष लाँड्रीमागच्या नळीत तसाच राहतो.

सुरुवातीच्या दुप्पट भारासाठी ही नळी वेगळी वाढवावी लागत नाही. तेव्हा दाब कमी असल्याने फ्लॅश कमी असते आणि नुसत्या पाण्याला ५० मिलीमीटर भरपूर होतात. उतार मात्र शंभराला एक तरी हवा आणि प्रत्येक ट्रॅपची जोडणी परतीच्या नळीत वरून यावी.

लाँड्रीपासून बॉयलर हाउस ३०० मीटरवर असेल, तर एवढी जाड, उताराची नळी नेणे परवडत नाही. मग लाँड्रीजवळच टाकीत कंडेन्सेट गोळा करून फ्लॅश तिथेच वेगळी करतात आणि पुढे फक्त पाणी पंपाने पाठवतात. फ्लॅश नुसती आकाशात सोडण्यापेक्षा शेजारच्या कमी दाबाच्या उपकरणाला द्यावी, कारण ताशी ६७ किलो ही लहान रक्कम नाही. पंप टप्प्याटप्प्याने चालतो, म्हणून त्याची नळी भरण्याच्या दराच्या तिप्पट, म्हणजे ताशी १५०० लिटर धरून मोजतात. त्याला २५ मिलीमीटर पुरतात आणि ३०० मीटरमधले घर्षण सुमारे ९ मीटर उंचीच्या पाण्याइतके येते. विजेचा पंप असेल तर टाकी त्याच्यापेक्षा पुरेशी उंच हवी, नाहीतर जवळपास उकळते पाणी पंपाच्या तोंडाशीच वाफ होऊन त्याच्या पंख्याला खाते.

या पंपाच्या नळीत वाटेतला कोणताही ट्रॅप जोडू नये. आवारात हा मोह नेहमीचा, कारण वाफनळीच्या शेजारूनच ती नळी गेलेली असते आणि दोन मीटरच्या तुकड्यात काम भागते. पण ती नळी पाण्याने पूर्ण भरलेली असते. तीत फ्लॅशचा बुडबुडा शिरला की थंड पाण्यात तो क्षणात कोसळतो आणि मोकळ्या जागेत पाणी आपटते. तो ठणठणाट खंदकाबाहेर ऐकू येतो आणि काही महिन्यांत वेल्ड तडकतात.

ट्रॅप बिघडल्याचे ओळखताना हाताला लागणारी उष्णता फसवते. चांगल्या ट्रॅपच्या मागेही फ्लॅशमुळे नळी १०० अंशांवर असते. ट्रॅप गार असेल तर तो चोंदला आहे किंवा आधीचा स्ट्रेनर भरला आहे, एवढे नक्की कळते. उघडा राहिलेला ट्रॅप मात्र अल्ट्रासोनिक यंत्राने ऐकावा लागतो. थर्मोडायनॅमिक ट्रॅप थांबून थांबून टकटकतो. तो अखंड फुसफुसत असेल, किंवा सेकंदाला अनेकदा फडफडत असेल, तर चकती झिजली आहे. बॉल फ्लोटचा आवाज मुळातच सलग असतो, म्हणून त्याच्यामागे साइट ग्लास असलेला बरा. ३ मिलीमीटरचे भोक ७ बारवर सताड उघडे राहिले, तर तासाला २५ किलोंच्या आसपास वाफ निसटते. ही वाफ फ्लॅशमध्ये मिसळते आणि १४ मीटर वेगासाठी मोजलेल्या नळीत तिच्यामुळे वेग १९ मीटरच्या पुढे जातो. असे दोन-तीन ट्रॅप एका नळीवर जमले, की बरोबर मापाची नळीही लहान पडू लागते. म्हणून मागचा दाब वाढलेला दिसला तर नळी बदलण्याआधी तिच्यावरचे सगळे ट्रॅप एकेक करून बंद करावेत आणि कोणता बंद केल्यावर दाबमापकाचा काटा खाली येतो ते पाहावे.