तिरक्या शेजाऱ्याची साक्ष

गणिताच्या चौकटीच्या वहीचं एक पान. त्यावर पाच आडव्या ओळी आणि सहा उभे रकाने आखलेले, आणि तीस घरांपैकी प्रत्येकात एक किंवा शून्य. एक म्हणजे मोकळी जागा, शून्य म्हणजे अडथळा, असं धरू.

```
१ १ ० १ १ १
१ १ १ १ १ १
० १ १ १ १ ०
१ १ १ १ १ १
१ १ १ ० १ १
```

एकही शून्य आत न येता या पानावर मोठ्यात मोठा चौरस केवढा मावेल? नोकरीच्या मुलाखतींत संगणकशास्त्राच्या मुलांना हे कोडं हमखास भेटतं. सरावाच्या लीटकोड या संकेतस्थळावर ते २२१ क्रमांकाला आहे. तीस घरांत माणूस नजरेनंच उत्तर शोधतो. त्या संकेतस्थळावर मात्र तक्ता ३०० ओळी आणि ३०० रकान्यांपर्यंत मोठा असू शकतो. तेवढ्या तक्त्यात लहानमोठे मिळून ९०,४५,०५० चौरस बसतात. त्यातला प्रत्येक चौरस घर न् घर तपासायचा म्हटलं तर एकच घर हजारो वेळा पाहावं लागतं, आणि आधी पाहिलेलं दर वेळी विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुटका होते ती प्रश्न थोडा बदलल्यावर. 'सगळ्यात मोठा चौरस कुठे आहे?' हे बाजूला ठेवायचं आणि प्रत्येक घराला वेगळंच विचारायचं: ज्याचा खालचा उजवा कोपरा तू आहेस, असा मोठ्यात मोठा चौरस केवढ्या बाजूचा? त्याचं उत्तर दुसऱ्या एका कोऱ्या तक्त्यात, त्याच जागी लिहायचं. घरात शून्य असेल तर उत्तर शून्यच. घरात एक असेल तर तीन शेजाऱ्यांची उत्तरं पाहायची: वरच्याचं, डावीकडच्याचं आणि वर-डावीकडच्या तिरक्या घराचं. तिघांतलं सगळ्यात लहान घ्यायचं आणि त्यात एक मिळवायचा. पानाच्या कडेला शेजारी नसतो, तिथे त्याच्या जागी शून्य धरायचं.

नियम एवढाच आहे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे भरत गेलं की तिन्ही शेजारी आधीच भरलेले असतात. पहिल्या ओळीत वरचा शेजारीच नाही, म्हणून ती जशीच्या तशी उतरते. दुसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या घराला वर १, डावीकडे १, तिरका १; म्हणून तिथे २. चौथ्या ओळीतल्या चौथ्या घराचे तिन्ही शेजारी २ आहेत, म्हणून तिथे ३. पूर्ण तक्ता असा होतो:

```
१ १ ० १ १ १
१ २ १ १ २ २
० १ २ २ २ ०
१ १ २ ३ ३ १
१ २ २ ० १ २
```

सर्वांत मोठा आकडा ३. म्हणजे मोठ्यात मोठा चौरस तीन बाय तीनचा, नऊ घरांचा. असे दोन आहेत, कारण ३ दोनदा आला आहे. मूळ पानावर दुसऱ्या ते चौथ्या ओळीत बोट फिरवलं की दोन्ही सापडतात, एकमेकांवर चढलेले.

आता हे बरोबर का येतं? चौथ्या ओळीतल्या त्या पहिल्या ३ पाशी थांबू. वरच्या शेजाऱ्याकडे २ आहे, म्हणजे ओळी दोन-तीन आणि रकाने तीन-चार यांतली चार घरं मोकळी असल्याचं तो सांगतो. डावीकडचा शेजारी ओळी तीन-चार आणि रकाने दोन-तीन यांची हमी देतो. तिरका शेजारी ओळी दोन-तीन आणि रकाने दोन-तीन यांची. हे तीन छोटे चौरस एकावर एक ठेवले की तीन बाय तीनच्या मोठ्या चौरसातली नवापैकी आठ घरं झाकली जातात. उरतं ते फक्त खालचं उजवं कोपऱ्याचं घर, आणि तिथे एक आहे हे तर आपण पाहिलेलंच असतं. उलट बाजूही सोपी आहे. इथे चार बाजूचा चौरस संपत असता, तर त्याच्या पोटात तिन्ही शेजाऱ्यांचे तीन-तीन बाजूचे चौरस मावले असते. त्यांच्याकडे २ आहे, म्हणून ४ शक्यच नाही. तिघांपैकी जो सगळ्यात आखूड, तोच मर्यादा घालतो. पुढच्याच घराच्या डावीकडे ३ आहे, पण वरचा आणि तिरका २ वर अडले आहेत, त्यामुळे डावीकडचा तो जास्तीचा एक वाया जातो आणि तिथेही ३ च येतात.

या तिघांत तिरका शेजारी नवख्यांना बिनकामाचा वाटतो. वरच्याचा चौरस आणि डावीकडच्याचा चौरस मिळून जवळजवळ सगळंच झाकतात, मग तिसरा कशाला? कोणतं घर कोणाच्या वाट्याला येतं ते मोजलं की उत्तर मिळतं. नऊ घरांतलं अगदी मधलं घर तिघांच्याही चौरसात येतं. पण वरच्या डाव्या टोकाचं घर, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं दुसरं, ना वरच्याच्या चौरसात येतं ना डावीकडच्याच्या. त्याची साक्ष देणारा एकटा तिरकाच. चौरस कितीही मोठा असो, हे बदलत नाही: तिरक्याची खरी गरज असते ती त्या दूरच्या एका घरापुरती.

एका घरापुरती असली तरी चूक साधी नाही. आपल्याच पानावर तिरक्याला वगळून पाहू. दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या घराला वर १, डावीकडे १. म्हणून तिथे २ लिहिले जातील. पण त्या 'चौरसा'च्या वरच्या डाव्या टोकाला तर पहिल्या ओळीतलं शून्य बसलं आहे. हे खोटे २ तिथेच थांबत नाहीत. त्यांच्या आधारावर खालच्या ओळीत खोटे ३ येतात, त्याखाली खोटे ४. शेवटी उत्तर निघतं सोळा घरांचा चौरस, ज्याच्या पोटात दोन शून्यं आहेत.

गंमत अशी, की ही चूक सहजी पकडली जात नाही. लीटकोडवरच्या कोड्याखाली नमुन्यादाखल एक तक्ता दिलेला आहे, चार ओळी आणि पाच रकान्यांचा:

```
१ ० १ ० ०
१ ० १ १ १
१ १ १ १ १
१ ० ० १ ०
```

याचं खरं उत्तर ४ घरं. तिरक्याला विसरलेली पद्धतही इथे ४ च देते. मधल्या एका घरात १ च्या जागी २ येतात, पण सर्वांत मोठा आकडा तोही २ असल्यानं अंतिम उत्तर जुळतं. सगळीकडे एकच एक असलेला तक्ता दिला, तरी तिथेही उत्तर बरोबर. म्हणून पारखायचं असेल तर नमुन्यांवर न विसंबता चार घरांचा हा तक्ता द्यावा: वरच्या ओळीत ० १, खालच्या ओळीत १ १. खरं उत्तर १, तिरक्याविना ४. याहून लहान चाचणी होऊच शकत नाही.

आणि तिरक्याला कोणी मुद्दाम वगळतं असंही नाही. बहुतेक वेळा तो कागद वाचवण्याच्या नादात हरवतो. एक ओळ भरायला फक्त तिच्या वरची ओळ लागते, म्हणून अख्खा तक्ता जपण्याची गरज नसते. एकच ओळ ठेवायची आणि तिच्यावरच नवे आकडे गिरवत जायचं. मात्र तसं करताना डावीकडच्या घरात नवा आकडा पडलेला असतो आणि त्याखालचा जुना, म्हणजेच आपला तिरका शेजारी, पुसला गेलेला असतो. तो वेळीच बाजूला लिहून ठेवला नाही, तर डावीकडचाच आकडा दोनदा मोजला जातो आणि गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात. पायथन भाषेत नीट लिहिलेलं रूप असं दिसतं:

```python
def largest_square(m):
    row = [0] * (len(m[0]) + 1)
    best = 0
    for line in m:
        diag = 0
        for j, cell in enumerate(line, 1):
            up = row[j]
            if cell == "1":
                row[j] = 1 + min(up, row[j-1], diag)
                best = max(best, row[j])
            else:
                row[j] = 0
            diag = up
    return best * best
```

सगळी मदार `diag = up` या एका ओळीवर आहे. `row[j] = 0` ही ओळही अशीच निसटते: ती नसेल तर वरच्या ओळीतला जुना आकडा शून्याच्या घरातही तसाच लटकत राहतो. आणि शेवटी `best` ही बाजू असते, कोड्यात विचारलेलं असतं क्षेत्रफळ. गुणाकार विसरून ३ लिहिणारे कमी नाहीत.

आधीच लिहिलेल्या शेजाऱ्यांवरून पुढचा आकडा काढत ओळीनं सरकण्याची ही रीत मुलाखतींच्या कितीतरी आधीची आहे. ॲझ्रिएल रोझेनफेल्ड आणि जॉन फाल्ट्झ यांनी १९६६ मध्ये संगणकीय चित्रांवरच्या एका शोधनिबंधात असाच मार्ग वापरला होता. चित्रातला प्रत्येक ठिपका रिकाम्या जागेपासून किती दूर आहे, हे ते शेजारच्या आकड्यांतला लहान घेऊन आणि त्यात एक मिळवून काढत. त्यांना अंतर हवं होतं, चौरस नव्हे, आणि त्यासाठी चित्रावरून दोनदा जावं लागे, एकदा पुढे आणि एकदा उलट. चौरसाला एकच फेरी पुरते.

भरलेल्या तक्त्यातून आणखी एक उत्तर फुकटात मिळतं. एखाद्या घरात ३ आहे, याचा अर्थ तिथे एक, दोन आणि तीन बाजूचे मिळून तीन चौरस संपतात. म्हणून सगळ्या आकड्यांची बेरीज म्हणजे निव्वळ एकांच्या चौरसांची एकूण संख्या. आपल्या पानावर ओळीनुसार बेरजा ५, ९, ७, ११ आणि ८, एकूण ४०. तीस घरांच्या या पानावर एकंदर ७० चौरस आखता येतात, त्यातले ४० निर्दोष.

चौरसाऐवजी आयत विचारला की मात्र ही युक्ती हात टेकते. याच पानावर दुसरी ते चौथी ओळ आणि दुसरा ते पाचवा रकाना यांत बारा घरांचा आयत आहे, चौरसाच्या नवांहून मोठा. चौरसाला एक बाजू सांगितली की काम भागतं. आयताला लांबी-रुंदी दोन्ही लागतात, आणि एकाच घरात बुटका-रुंद किंवा उंच-अरुंद असे अनेक आयत संपू शकतात. त्यातला कोणता पुढे कामी येईल ते त्या घराला ठाऊक नसतं. तिथे प्रत्येक रकान्यात वरपर्यंत सलग किती एक आहेत ते मोजून, ओळीओळीनं त्या खांबांच्या उंचींत मोठ्यात मोठा आयत शोधावा लागतो. आपल्या पानाच्या चौथ्या ओळीवर हे खांब १, ४, ३, ४, ४, १ असे उभे राहतात, आणि मधल्या चार खांबांत तीन उंचीचा तो आयत बसतो.